एकवीस दिवसांची वही

अहेरी तालुक्यात बहुतेक घरची गुरे सकाळी आखरावर जमतात, गुराखी ती रानात नेतो आणि दिवस मावळताना परत आणतो. म्हणजे मालक आपल्या गाईला पहाटे आणि रात्री पाहतो, मधले आठ-नऊ तास ती त्याच्या नजरेआड असते. गाईचा माज टिकतो साधारण बारा ते अठरा तास, आणि त्यातला बराच भाग रात्री व पहाटेच्या गारव्यात जातो. तेवढ्यात तो कुणाच्या लक्षात आला नाही, तर पुढची संधी एकवीस दिवसांनी येते. लहान दुग्धव्यवसायाचे गणित या एकवीस दिवसांत अडकलेले आहे, आणि म्हणून गोठ्याच्या नोंदवहीत सर्वांत मोलाची ओळ कोणती, असे विचारले तर उत्तर ‘किती लिटर दूध दिले’ हे नाही. उत्तर आहे माजाची तारीख. ज्या माजाला गाय भरवली त्याची तर हवीच, पण ज्या माजाला भरवली नाही, नुसता पाहिला, त्याचीही हवी. ही दुसरी नोंद जवळजवळ कुणी ठेवत नाही, आणि वहीचा खरा उपयोग तिथूनच सुरू होतो.

कारण साधे आहे. दुधाची नोंद झालेली गोष्ट सांगते, माजाची नोंद होणारी गोष्ट सांगते. आज माज दिसला, तारीख लिहिली, की त्याच क्षणी तिच्यात एकवीस मिळवून पुढची तारीखही लिहिता येते. गाईचे माजाचे चक्र अठरा ते चोवीस दिवसांचे असते, म्हणून त्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत त्या एका जनावरावर पहाटे आणि रात्री जरा जास्त वेळ नजर ठेवायची. चार गाईंवर वर्षभर लक्ष ठेवणे कुणालाच जमत नाही. एका गाईवर सात दिवस लक्ष ठेवणे कुणालाही जमते. वही कष्ट वाढवत नाही, ते कुठे करायचे एवढे दाखवते.

इथे पहिला आक्षेप येतो तो हा की, चार तर जनावरे, सगळे लक्षात राहते. काही अंशी ते खरे आहे. कोणती गाय कधी व्याली हे घरातली बाई पटकन सांगते. पण ती सांगते ते ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘रोवणी चालू होती तेव्हा’ अशा भाषेत. सण तिथीने येतात आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हणजे आपल्याकडच्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ या मोजणीला अगदी जवळचा आहे. म्हशीचा ३१० दिवसांचा, दहा महिने दहा दिवस म्हणा. हेच महिने तिथीने मोजले तर चार-पाच दिवस कमी भरतात, आणि अधिक महिना आला तर मोजणी महिनाभराने चुकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. विण्याच्या अंदाजात चार-पाच दिवसांची चूक एक वेळ चालेल. एकवीस दिवसांच्या चक्रात मात्र चार दिवस चुकले की माज हातचा गेला. शिवाय आठवण मोठ्या घटना धरून ठेवते. न भरवलेला माज ही मोठी घटना नव्हे, म्हणून ती पहिली पुसली जाते. आणि जनावरे कमी असणे हे नोंद न ठेवण्याचे कारण होऊच शकत नाही. पन्नास गाईंच्या गोठ्यात एकीचा माज चुकला तर इतरांचे दूध ती तूट भरून काढते. चार गाईंच्या घरी एक गाय म्हणजे चौथा हिस्सा.

वहीचा आकार साधा ठेवावा. दोनशे पानी लांब वही, प्रत्येक जनावराला समोरासमोरची दोन पाने. वर ओळख. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, कारण प्रत्येक गावात दोन-तीन लाल्या आणि दोन-तीन कपिला असतात. कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. तो एकदा पूर्ण लिहून ठेवावा आणि रोजच्या वापराला शेवटचे चार आकडे घ्यावेत. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर राज्य शासनाने बंधन आणले, त्यामुळे हा क्रमांक सातबाऱ्याइतकाच जपण्याची गोष्ट झाली आहे. पण आपल्या भागात गुरे झुडपांतून, काटेरी रानातून चरतात. बिल्ला फांदीला अडकून कान फाटतो आणि तो गळून पडतो, मग नवा बिल्ला नवा क्रमांक घेऊन येतो. म्हणून नावाखाली खुणाही लिहाव्यात: कपाळावरचा ठिपका, शिंगांचा वळसा, शेपटीच्या गोंड्याचा रंग, कोणत्या गाईची कालवड. नवा बिल्ला लागला की जुना क्रमांक खोडायचा नाही, त्यापुढे तारीख टाकून नवा लिहायचा. या भागातली काठाणी गाय, जिला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे, ती आणि तिच्या शेजारी बांधलेली संकरित जर्सी यांना एकाच मापाने मोजता येत नाही, म्हणून जातही लिहावी. धानाच्या चिखलात राबणाऱ्या बैलांसाठी लोकांनी जपलेली काठाणी दुधाला थोडकीच. तिच्या पानावर विण्याच्या आणि गोऱ्ह्यांच्या नोंदी जास्त कामाच्या.

ओळखीखाली एकच लांब यादी असावी, तारखेच्या क्रमाने. माजाचे वेगळे पान, उपचाराचे वेगळे पान असे केले की दोन्हींचा संबंध तुटतो, आणि तो संबंधच तर पाहायचा असतो. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: तारीख आणि वेळ, काय दिसले किंवा काय केले, आणि पुढची तारीख. ‘सकाळी’ की ‘संध्याकाळी’ हे लिहिणे टाळू नये. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिम्बर्गर यांनी १९४८ मध्ये माज आणि रेतन यांच्यातल्या अंतराचा अभ्यास प्रसिद्ध केला. माजाच्या मध्यापासून तो संपल्यावर सहाएक तासांपर्यंत भरवलेल्या गाई सर्वांत चांगल्या गाभण राहतात, असे त्यातून दिसले. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम तिथून जगभर रूढ झाला. अहेरीत त्याला आणखी एक अर्थ आहे. माज दिसल्यापासून पशुधन पर्यवेक्षक दारात येईपर्यंत आपल्या हाती बारा तास आहेत. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर तेही पुरत नाहीत. पण पुढची तारीख आधीच लिहिलेली असेल तर निरोप दोन दिवस आधी देता येतो, द्रव नायट्रोजनच्या भांड्यात हव्या त्या वळूच्या रेतमात्रा आहेत का हे विचारता येते, आणि त्या दिवसांत गाय रानात न सोडता दावणीला ठेवता येते.

आता एक उदाहरण पानभर चालवून पाहू. गाय संकरित जर्सी, दुसऱ्या वेताची, ५ जून २०२५ रोजी व्याली असे धरू. वार चार तासांत पडली, हेही लिहिले. ९ जुलैला सकाळी ती हंबरत होती, दुसरीवर चढत होती, निरणातून काचेसारखा चिकट सोट लोंबत होता. व्यायल्यापासून चौतीसच दिवस झाले होते, म्हणून भरवली नाही, पण नोंद केली आणि पुढची तारीख लिहिली ३० जुलै. ३० जुलैला माज पुन्हा दिसला. पंचावन्नावा दिवस. गर्भाशय पूर्ववत व्हायला साठ दिवस द्यावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे, म्हणून हाही सोडला, पण आता दोन गोष्टी कळल्या: गाय नियमित माजावर येते, आणि पुढची तारीख २० ऑगस्ट. त्या दिवशी संध्याकाळी माज दिसला, २१ तारखेच्या सकाळी गाय भरवली. रेतमात्रेच्या कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक वहीत उतरवला, कारण उद्या या गाईची कालवड मोठी झाली तर तिला त्याच वळूची मात्रा द्यायची नाही, आणि ते सांगणारा दुसरा कागद घरात नसतो. पुढची तारीख १० सप्टेंबर.

१० सप्टेंबरच्या आसपास काहीच दिसले नाही. पाऊस लागलेला, धानाची कामे, गाय दिवसभर रानात. घरातल्यांनी गाय गाभण धरली. १ ऑक्टोबरला सकाळी ती पुन्हा माजावर आली. वही नसेल तर इथे दोन टोकांच्या गोष्टी घडतात. कुणी म्हणतो गाय उलटली, तिच्यात दोष आहे, औषध द्या. कुणी म्हणतो गर्भ राहिला होता, पडला. वही एवढेच करते की २० ऑगस्ट ते १ ऑक्टोबर हे अंतर मोजते. ते आहे बेचाळीस दिवस, म्हणजे बरोबर दोन एकविशा. गाय बहुधा १० सप्टेंबरच्या सुमारासच उलटली होती आणि तो माज पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटला. हेच अंतर तीस-पस्तीस दिवस निघाले असते तर संशय वेगळा असता: गर्भ राहून लवकर जिरला असावा. आणि ते नऊ-दहा दिवस निघाले असते, तर दोन्हींपैकी एक माज माज नव्हताच, म्हणजे कदाचित चुकीच्या दिवशी भरवली. एका अंतरावरून निदान होत नाही हे मान्य. पण चारही जनावरांच्या पानांवर बेचाळीसचे आकडे दिसू लागले तर दोष गाईंत नाही, पाहण्यात आहे. सगळ्याच गाई एकवीस दिवसांनी उलटत असतील तर भरवण्याची वेळ, रेतमात्रा किंवा भरवणाऱ्याचा हात तपासावा. एकच गाय तीन-तीनदा नियमाने उलटत असेल, बाकीच्या राहत असतील, तर मात्र ती गाय डॉक्टरांना दाखवावी. माणूस चुकला की जनावर, हा निवाडा अनेक पाने शेजारी ठेवल्यावरच करता येतो, आणि औषधावरचा बराच खर्च हा निवाडा न केल्यामुळे होतो.

उदाहरणातली गाय १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पुन्हा भरवली. पुढच्या तारखा २२ ऑक्टोबर आणि १२ नोव्हेंबर. दोन्ही वेळा पहाटे-रात्री लक्ष ठेवूनही माज नाही. माज दिसला नाही म्हणजे गाय गाभण असे नव्हे, म्हणून ३० डिसेंबरला, नव्वद दिवस भरल्यावर, गर्भतपासणी. गाभण ठरली की विण्याची तारीख काढायला बोटे पुरतात: भरवल्याच्या तारखेपासून तीन महिने मागे जा आणि सात दिवस पुढे या. १ ऑक्टोबरवरून १ जुलै, त्यावरून ८ जुलै २०२६. म्हशीसाठी दोन महिने मागे, सात दिवस पुढे. विण्याआधी साठ दिवस गाय आटवायची, म्हणजे ९ मे. हीही तारीख त्याच दिवशी लिहून टाकावी, कारण गाय दूध देत असताना ते थांबवायला हात धजत नाही, आणि न आटवलेल्या गाईचे पुढचे वेत उतरते. दोन वेतांतले अंतर ५ जून ते ८ जुलै, म्हणजे ३९८ दिवस. सप्टेंबरचा माज सापडला असता आणि गाय तेव्हाच राहिली असती तर ते ३७७ च्या आसपास आले असते. एका न दिसलेल्या माजाची किंमत एकवीस दिवसांचा चारा आणि पेंड, तीही दूध आटत आलेल्या दिवसांतली.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. गाय रानात असते, माज गुराख्यासमोर होतो, सांड रानातच लागतो, मग मालकाने लिहायचे काय? याला दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे गुराख्याला विचारायचे. संध्याकाळी गुरे परतताना ‘आज कोण चढत होतं, कोण उभं राहिलं’ एवढा प्रश्न पुरतो. उभी राहणारी गाय माजावर असते, चढणारी असेलच असे नाही. घरात माडिया किंवा गोंडी बोलली जात असेल, लिहिणारे फक्त शाळेतले पोर असेल, तरी एक ओळ तारखेसह उतरवायला अडत नाही. गोल म्हणजे माज, फुली म्हणजे भरवली, अशा खुणा ठरवल्या तरी चालते. दुसरे उत्तर कमी लोकांना माहीत आहे. माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांत काही गाई-कालवडींच्या शेपटीला किंवा निरणाला रक्ताचा थोडा अंश लागलेला दिसतो. पुष्कळजण त्याला आजार समजतात, किंवा गाय गाभण राहिली नाही याची खूण मानतात. ते दोन्ही खरे नाही. त्याचा अर्थ एवढाच की सुमारे दोन दिवसांपूर्वी माज होऊन गेला. मग ‘रक्त दिसले’ असे लिहायचे आणि पुढची तारीख एकवीस नव्हे, एकोणीस दिवसांनी टाकायची. रानात हरवलेला माज अशा रीतीने कागदावर परत मिळतो. म्हशीत ही सोय जवळजवळ नाही. तिचा माज मुका असतो, ती चढत नाही. रेकणे, पुन्हा पुन्हा लघवी करणे, निरणाला सूज, दूध अचानक कमी होणे यांवरून ओळखावा लागतो, आणि उन्हाळ्यात तो बराच दबतो. म्हशीच्या पानावर म्हणून ‘शंका’ असा शब्द लिहायला संकोच करू नये. दोन शंका एकवीस दिवसांच्या अंतराने आल्या की त्यांची खात्री होते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे सरकारी मोबाइल प्रणालीत भरले जातेच, भारत पशुधनवर बिल्ल्याचा क्रमांक टाकला की माहिती निघते. ती प्रणाली कामाची आहे, पण तिच्यात तेच उतरते जे कर्मचाऱ्याने केले: रेतन, गर्भतपासणी, विणे, लसीकरण. न भरवलेला माज, गुराख्याचा निरोप, शेपटीचे रक्त, यांतले काहीच तिथे नसते, कारण ते पाहणारा तिथे नव्हता. भामरागडकडच्या गावांत पर्लकोटेला पूर आला की रस्ता आणि मोबाइलचे जाळे दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही. वही गोठ्याच्या खुंटीला टांगलेली असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, तीही उपयोगी पडते: वहीतल्या पुढच्या तारखा तिथे उतरवून ठेवाव्यात. मात्र फक्त दिनदर्शिकेवर विसंबू नये. गर्भकाळ नऊ महिन्यांचा आणि दिनदर्शिका डिसेंबरात खाली उतरते.

पान कोरे राहिले तर तेही वाचता आले पाहिजे. व्यायल्यावर साठ-सत्तर दिवस झाले, नीट लक्ष ठेवले, तरी एकही नोंद नाही, तर गाय माजावर येतच नसावी. आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण पोटात असते. उन्हाळ्यात रान वाळलेले, दावणीत नुसती धानाची तणस. तणसीत प्रथिने आणि स्फुरद दोन्ही कमी. अशा गाईला माजाचे औषध टोचून फारसे साधत नाही. आधी चारा, खनिज मिश्रण, जंतांचे औषध, आणि तपासणी. इथे वहीची मर्यादाही दिसते. ती गाईला माजावर आणत नाही, किती दिवस वाया गेले ते दाखवते.

उपचारांच्या ओळी त्याच यादीत हव्यात असे म्हटले, त्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. वार बारा तासांत पडली नाही असे ५ जूनला लिहिलेले असते, तर जुलै-ऑगस्टमधले कोरे पान वेगळे वाचले गेले असते: गर्भाशयाला संसर्ग असण्याचा संभव. गाभ पडला तर कितव्या महिन्यात पडला हे भरवल्याच्या तारखेवरून निघते. सहाव्या-सातव्या महिन्यात एका गोठ्यात दोन गाभ पडले तर संसर्गजन्य गर्भपाताची शंका घेऊन रक्त तपासून घ्यावे, आणि पडलेला गाभ व वार उघड्या हातांनी उचलू नये, कारण तो रोग माणसाला होतो. दगडी झाली तर कोणत्या सडात, हे लिहावे. तोच सड पुन्हा पुन्हा येत असेल तर औषध बदलण्याआधी दूध तपासायला द्यावे. औषधाचे नाव बाटलीवरून उतरवावे, ‘पिवळे इंजेक्शन’ असे लिहून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. आणि त्याच ओळीत दूध किती तारखेपर्यंत विकायचे नाही ती तारीख. मुदत औषधाच्या वेष्टनावर छापलेली असते. जिथे ती ठरवलेली नाही तिथे २०१२ पासून आपल्याकडच्या नियमाने दुधासाठी किमान सात दिवस धरायचे आहेत. हे सात दिवस लहान घराला जड जातात, त्यामुळे ते लिहिलेले असले तरच पाळले जातात.

लिहिण्याची शिस्त एवढीच की त्याच दिवशी लिहावे, शाईने लिहावे, आणि चूक झाली तर एक रेघ मारून वर दुरुस्ती करावी, पान फाडू नये. आठवड्याने बसून भरलेल्या वहीत सगळे माज नेमके एकवीस दिवसांनी आलेले दिसतात. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या, बाविसाव्या दिवशी येतात, आणि असे वेडेवाकडे आकडे असलेली वही खरी असते.

वरच्या उदाहरणात एक शक्यता उरली आहे. १ ऑक्टोबरला गाय भरवली, पण २२ ऑक्टोबरच्या सुमारास ती दिवसा रानात होती आणि कळपात सांड होता. म्हणून ३० डिसेंबरची तपासणी गाय गाभण सांगेल, पण कुणापासून ते सांगणार नाही. नव्वद आणि एकोणसत्तर दिवसांच्या गर्भातला फरक हाताला नेहमीच निश्चित कळत नाही. अशा वेळी वळूच्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवावे. गाय ८ जुलैच्या आगेमागे चार-पाच दिवसांत व्याली तर प्रश्नचिन्ह खोडायचे. ती २९ जुलैच्या सुमारास व्याली तर कांडीवरचा क्रमांक खोडून तिथे ‘रानातला सांड’ असे लिहायचे, आणि त्या वासराच्या नव्या पानावर बापाच्या जागीही तेच.